सरासरी भाव आणि सरासरी खरेदी : हप्त्याच्या गुंतवणुकीचे गणित

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो पैशाचा असला तरी त्याचे मूळ शाळेतल्या गणितात आहे. आपल्या पुष्कळ कुटुंबांतून दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात भरली जाते. तिला आता घरोघरी 'एस.आय.पी.' हेच नाव पडले आहे. ही कल्पना मूळची आपल्याकडची नव्हे. बेंजामिन ग्रॅहॅम या अमेरिकन लेखकाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या 'दि इंटेलिजंट इन्व्हेस्टर' या ग्रंथात तिची चर्चा 'डॉलर-कॉस्ट अ‍ॅव्हरेजिंग' या नावाने केली आहे, आणि १९५४ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने सामान्य पगारदारांसाठी थोड्या थोड्या रकमेने शेअर घेण्याची योजनाही सुरू केली होती. डॉलरच्या जागी रुपया आला, एवढाच काय तो फरक.

या पद्धतीची शिफारस करताना एक वाक्य हमखास ऐकू येते. ते असे की, "अशा रीतीने घेतलेल्या युनिटांची सरासरी किंमत बाजाराच्या सरासरी भावाहून नेहमी कमीच पडते." हे वाक्य खरे आहे काय? खरे आहे, आणि ते सिद्धही करून दाखविता येते. परंतु त्यावरून "म्हणून यात नेहमी फायदाच होतो" असा जो निष्कर्ष लगोलग काढला जातो, तो मात्र खरा नाही. या दोन वाक्यांमधील अंतर किती आहे, हे आपल्यापुढे मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे. ज्यांची निवृत्तीची पुंजी किंवा मुलीच्या शिक्षणाची रक्कम या दोन वाक्यांच्या मध्ये सापडली आहे, त्यांच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही.

प्रारंभ आपण स्वयंपाकघरातून करू. कांद्याचा भाव एका महिन्यात किलोला २० रुपये होता, पुढे तो ६० रुपये झाला असे समजू. एक गृहिणी दोन्ही वेळां चार चार किलो कांदा घेते. तिचे पहिल्या वेळी ८० व दुसऱ्या वेळी २४० असे एकंदर ३२० रुपये गेले आणि आठ किलो कांदा घरात आला. तिला कांदा सरासरीने किलोला ४० रुपयांस पडला. वीस आणि साठ यांची बेरीज करून तिला दोहोंनी भागले म्हणजे हाच आकडा येतो. यालाच आपण अंकगणितीय मध्य म्हणतो.

शेजारची दुसरी गृहिणी वजन न सांगता रक्कम सांगते. "एकशेवीस रुपयांचा कांदा द्या," असे ती दोन्ही वेळां म्हणते. पहिल्या वेळी तिला सहा किलो मिळाला, दुसऱ्या वेळी दोनच किलो. एकंदर २४० रुपयांत तिच्याही घरी आठ किलो कांदा आला. म्हणजे तिला तो किलोला ३० रुपयांस पडला. दुकान तेच, भाव तेच, मालही तेवढाच. मग हे दहा रुपये आले कोठून?

यात हातचलाखी काही नाही. ठरावीक रकमेने खरेदी करणाऱ्याच्या पदरात भाव उतरला असता आपोआप अधिक माल पडतो आणि भाव चढला असता कमी पडतो. पहिलीच्या सरासरीत दोन्ही भावांना सारखे वजन आहे, कारण तिने दोन्ही भावांना सारखाच माल घेतला. दुसरीच्या सरासरीत वीस रुपयांच्या भावाला सहा किलोंचे वजन आहे आणि साठ रुपयांच्या भावाला फक्त दोन किलोंचे. सभेत मते मोजावीत तसे हे आहे. स्वस्त भावाच्या बाजूला सहा मते, महाग भावाच्या बाजूला दोन. निकाल स्वस्ताच्या बाजूला झुकला तर त्यात नवल कसले? संसारात मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. आमटीला कांदा वजनाने लागतो, रुपयांनी नव्हे. युनिटांची गोष्ट तशी नाही. ती या महिन्यात किती घ्यावीत, असे कोणतेच बंधन आपल्यावर नसते.

आता हेच गणित सामान्य रूपात मांडू. दरमहा गुंतवावयाची रक्कम 'र' आहे आणि तीन महिन्यांचे भाव अनुक्रमे क, ख व ग आहेत. पहिल्या महिन्यात र/क इतकी युनिटे मिळतील, दुसऱ्यात र/ख आणि तिसऱ्यात र/ग. एकूण खर्च ३र झाला. सरासरी खरेदी किंमत म्हणजे एकूण रक्कम भागिले एकूण युनिटे. म्हणून

सरासरी खरेदी किंमत = ३र ÷ (र/क + र/ख + र/ग) = ३ ÷ (१/क + १/ख + १/ग)

वर आणि खाली दोन्हीकडे असलेला 'र' निघून गेला, हे आपल्या लक्षात आलेच असेल. हप्ता पाचशेचा असो की पन्नास हजारांचा, सरासरी किंमत तीच येते. मागे उरते ते असे : प्रत्येक भावाचा व्यस्त घ्यावा, म्हणजे एकाला त्या भावाने भागावे, त्या व्यस्तांची सरासरी काढावी आणि आलेल्या उत्तराचा पुन्हा व्यस्त घ्यावा. याच संख्येला गणितात हरात्मक मध्य म्हणतात. ज्यांनी जुन्या पाटीगणितातले व्यस्त त्रैराशिक केले आहे, त्यांना हा व्यवहार परका वाटणार नाही. भाव दुप्पट झाला की माल निम्मा होतो, हे जे व्यस्त प्रमाण, त्याचीच ही सरासरी आहे.

हीच संख्या प्रवासातही भेटते. एखादी मोटार १२० किलोमीटर ताशी २० च्या वेगाने गेली आणि तेच अंतर ताशी ६० च्या वेगाने परत आली, तर तिचा सरासरी वेग ४० नसून ३० असतो, कारण जाण्यास सहा तास लागले आणि येण्यास दोनच. रुपयांच्या जागी किलोमीटर, किलोंच्या जागी तास आणि भावाच्या जागी वेग ठेवला की आपल्या दुसऱ्या गृहिणीचाच हा हिशेब होतो.

हरात्मक मध्य अंकगणितीय मध्याहून किती कमी असतो, हेही दोन भावांच्या बाबतीत नेमके सांगता येते. दोन भावांतील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागावे. कांद्याच्या उदाहरणात अंतर ४०, त्याचा वर्ग १६००, बेरीज ८०, तिची दुप्पट १६०, आणि भागाकार १०. तेच ते दहा रुपये. वर्ग ही संख्या कधी ऋण होत नाही. म्हणून हरात्मक मध्य अंकगणितीय मध्याहून अधिक कधीच होऊ शकत नाही, आणि दोन्ही भाव अगदी समान असतील तेव्हाच ते दोन मध्य सारखे होतात. दोहोंहून अधिक भाव असले तरी हाच नियम लागू पडतो.

परंतु याच सूत्रात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती शिफारस करणारे सहसा सांगत नाहीत. भाव १०० आणि ११० असे असतील तर अंतराचा वर्ग १०० आणि भाजक ४२०. म्हणजे फरक अवघा २४ पैशांच्या आसपास. एकशेपाचाच्या सरासरीत चोवीस पैसे. चढउतार दुप्पट झाला, म्हणजे भाव ९५ आणि ११५ झाले, तर फरक चौपट होऊन ९५ पैशांवर जातो. तात्पर्य, भाव संथपणे हलत असता या गणिताचा लाभ जवळजवळ शून्य असतो. तो डोळ्यांत भरतो तो बाजार उधळला असतानाच, आणि उधळलेल्या बाजारात धोकाही मोठा असतो. कांद्याचे उदाहरण आम्ही मुद्दामच भडक घेतले होते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. कमी सरासरी किमतीत खरेदी होणे आणि फायदा होणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? एक सोपे उदाहरण पुरे सोडवून पाहू. एका सभासदाने चार महिने दरमहा १,२०० रुपये गुंतविले. युनिटाचा भाव पहिल्या महिन्यात २० रुपये, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात १२ आणि चौथ्यात १० होता. त्याला अनुक्रमे ६०, ८०, १०० आणि १२० अशी एकंदर ३६० युनिटे मिळाली. खर्च ४,८०० रुपये. सरासरी खरेदी किंमत १३ रुपये ३३ पैसे. चार भावांचा अंकगणितीय मध्य मात्र १४ रुपये २५ पैसे आहे. सांगितले होते तसेच झाले : सरासरी खरेदी सरासरी भावाहून ९२ पैशांनी स्वस्त पडली. आणि या सभासदाच्या हाती काय आहे? चौथ्या महिन्याअखेर भाव दहा रुपयेच असेल, तर ३६० युनिटांचे ३,६०० रुपये. बाराशे रुपयांचा तोटा! सरासरीचे वाक्य तंतोतंत खरे ठरले आणि माणूस बुडाला.

आता तेच चार भाव उलट क्रमाने आले असे समजा : १०, १२, १५ आणि २०. युनिटे पुन्हा ३६०च, खर्च तोच, सरासरी खरेदी किंमत तीच. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते, तसाच हा प्रकार. परंतु शेवटचा भाव २० असल्यामुळे युनिटांचे मूल्य ७,२०० रुपये झाले आणि २,४०० रुपयांचा लाभ झाला. हरात्मक मध्याला भावांचा क्रम कळत नाही. आपल्या फायद्यातोट्याला मात्र क्रमच कळतो, कारण युनिटे विकावयाची असतात ती त्या दिवसाच्या भावाने. गेलेल्या महिन्यांच्या सरासरी भावाने आपल्याकडून ती कोणी विकत घेत नाही. म्हणून कसोटी एकच आहे : आजचा भाव आपल्या सरासरी खरेदी किमतीहून अधिक आहे काय? सरासरी खरेदी ही सरासरी भावाहून कमी आहे, ही गोष्ट त्या कसोटीत कोठेच बसत नाही.

पद्धतीच्या बाजूने जे न्याय्य आहे तेही सांगितले पाहिजे. भाव २०, १०, १२ व १५ या क्रमाने आले असते, तर शेवटी ३६० युनिटांचे ५,४०० रुपये झाले असते. भाव पहिल्या वीस रुपयांवर परत आला नाही, तरीही ६०० रुपये सुटले. भाव पडून अर्धवट सावरला तरी हप्तेवाल्याला पुरते, कारण पडत्या काळात त्याने अधिक युनिटे गोळा केलेली असतात. परंतु सावरण्याची अट राहतेच. एखाद्या कंपनीचा शेअर पडून पुन्हा उठलाच नाही, तर अधिक नग गोळा करणे म्हणजे बुडत्या नावेत अधिक सामान भरणे होय. अनेक कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या फंडाविषयी आशा धरता येते, तशी एकट्या शेअराविषयी धरता येत नाही.

येथे कोणी विचारील की, मग सरासरी भावाशी तुलना करण्यात अर्थच नाही काय? अर्थ आहे, पण मर्यादित आहे. दरमहा ९०, ९० युनिटे घेणारा कोणी असता, तर त्याच ३६० युनिटांसाठी त्याला ५,१३० रुपये पडले असते, आणि आपला सभासद त्याच्याहून ३३० रुपयांनी सरस ठरला असता. अंकगणितीय मध्य हा अशा समान नग घेणाऱ्याचा भाव आहे. परंतु तसा गुंतवणूकदार आपल्या पाहण्यात आहे काय? ज्याच्याशी कोणी स्पर्धाच केली नाही, त्याला हरविल्याचे ते ३३० रुपये आहेत.

खरी स्पर्धा दुसरीच असते, आणि ती निवृत्त सभासदांच्या घरी उभी राहते. हाती एकदम मोठी रक्कम आली, ती एकदाच गुंतवावी की बारा हप्त्यांत विभागावी? आपल्या उदाहरणात ४,८०० रुपये पहिल्याच महिन्यात घातले असते, तर भाव २० वरून १० वर घसरता त्यांचे २,४०० उरले असते. हप्तेवाल्याचे ३,६०० उरले. उलट भाव १० वरून २० वर चढता एकरकमीवाल्याचे ९,६०० झाले असते, हप्तेवाल्याचे ७,२००. हप्त्यांनी तोटा निम्मा केला आणि लाभही निम्मा केला. म्हणजे हप्ते पाडणे हा फायद्याचा उपाय नसून धोका थोडा उशिरा पत्करण्याचा उपाय आहे. व्हॅनगार्ड या अमेरिकन संस्थेने २०१२ साली अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील जुन्या भावांवरून हे पडताळून पाहिले. तेव्हा सुमारे दोनतृतीयांश वेळां एकरकमी गुंतवणूकच पुढे राहिली, कारण लांब मुदतीत बाजार पडण्यापेक्षा चढण्याचे प्रसंग अधिक येतात आणि तोवर हप्त्यांसाठी राखून ठेवलेली रक्कम बाजाराबाहेर पडून असते. उरलेल्या एकतृतीयांश वेळां पस्तावण्याची पाळी आली असती, आणि ती पाळी ज्याच्या घरावर येते त्याला सरासरीचे समाधान पुरत नाही. म्हणून दोहोंपैकी काय निवडावे हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. केवळ "सरासरी स्वस्त पडते" म्हणून हप्ते निवडू नयेत, इतकेच आमचे म्हणणे. पगारदाराला हा प्रश्नच नाही. त्याचे पैसेच महिन्याच्या महिन्याला येतात, तेव्हा तो हप्त्याने गुंतवितो त्यात निवडीचा भाग थोडा आणि सोयीचा फार.

निवृत्तांसाठी या गणिताची आणखी एक बाजू सांगावयाची आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढून घेण्याचीही सोय असते. घरखर्चासाठी पुष्कळांना ती आवडते. येथे हरात्मक मध्य आपली बाजू सोडून समोर जाऊन बसतो. दरमहा १,२०० रुपयेच हवेत, तर भाव २० असता ६० युनिटे विकावी लागतात आणि भाव १० झाला असता १२०. स्वस्ताईत अधिक खरेदी व्हावयाची, तशी आता स्वस्ताईत अधिक विक्री होते. त्याच चार भावांना ३६० युनिटे विकून ४,८०० रुपये मिळतात, म्हणजे युनिटाला १३ रुपये ३३ पैसे. दरमहा ९० युनिटे विकली असती तर ५,१३० रुपये आले असते. जी सरासरी खरेदीच्या वेळी हिताची होती तीच विक्रीच्या वेळी नुकसानीची ठरते. बाजार पडला की पुंजीतील युनिटे भराभर संपतात, आणि पुढे भाव सावरला तरी सावरण्यास युनिटे थोडीच उरलेली असतात. एकदोन वर्षांचा घरखर्च बँकेत मुदतठेवीत वेगळा ठेवून पडत्या काळात फंडाला हात न लावणे, हा या दोषावरचा साधा उपाय आहे.

शेवटी, आपला हिशेब आपणच कसा तपासावा, ते सांगून थांबतो. फंडाच्या खातेउताऱ्यात प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, त्या दिवसाचा भाव आणि मिळालेली युनिटे दिलेली असतात. पुष्कळ सभासद भावांच्या रकान्याची बेरीज करून तिला हप्त्यांच्या संख्येने भागतात, उताऱ्यातील सरासरी किंमत त्याहून कमी पाहून चकित होतात, आणि कोणी ती चूक समजतो तर कोणी बक्षीस. ती दोन्ही नव्हे. भागाकार करावयाचा तो एकूण रकमेला एकूण युनिटांनी. हप्ते सर्व समान असतील तर हे उत्तर भावांच्या हरात्मक मध्याशी जुळते. मध्येच हप्ता वाढविला असेल, तर साधा हरात्मक मध्य जुळणार नाही. तेव्हा एकूण रकमेचा आणि एकूण युनिटांचा भागाकार हाच प्रमाण मानावा. एखादा महिना चुकला असेल, तर त्या महिन्याचा भाव हिशेबात धरू नये. समान हप्त्यांतही अगदी किंचित फरक दिसेल, कारण १ जुलै २०२० पासून खरेदीवर शेकडा ०.००५ इतके मुद्रांकशुल्क आहे. पाच हजारांच्या हप्त्यामागे ते पंचवीस पैसे होते. थेट शेअर घेणाऱ्यांचा फरक याहून मोठा पडतो, कारण शेअर पूर्ण संख्येनेच घ्यावा लागतो आणि हप्त्यातील काही रक्कम प्रत्येक वेळी शिल्लक उरते. फरक याहून बराच अधिक दिसला, तर मात्र उतारा घेऊन फंडाच्या कचेरीत जाऊन विचारावे.

हा भागाकार झाला की कागदावर दोनच आकडे शेजारी शेजारी लिहावेत : आपली सरासरी खरेदी किंमत आणि आजचा भाव. तिसरा आकडा, म्हणजे बाजाराचा सरासरी भाव, कोणी त्या कागदावर लिहू लागला, तर तो आपल्या फायद्याचा हिशेब करीत नसून गणितातला एक सिद्धांत सांगत आहे, हे ओळखावे. सिद्धांत खराच आहे. पण त्याच्यावर घरखर्च चालत नाही.